दहा घेतले, पंधरा दिले

चार टक्क्यांनी काय होतं, असं मला ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांच्यापैकी एकाशीही मी अजून नीट बोलत नाही. लोक म्हणतात, बाई फार तापट आहे. असेन. वर्गातही पोरं मला घाबरतात. पण राग माझ्या स्वभावाचा होता की त्या हिशोबाचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

शेलूबाजारहून जीपनं थोडं आत गेलं की माझं माहेर. मी एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते, राहते तालुक्याच्या गावी, पण रविवार माहेरचा. तिथल्या आमच्या वस्तीत विहाराशेजारी एक मोकळं आवार आहे. जयंती तिथंच, लग्नं तिथंच, तेराव्याला नाही पण पुण्यानुमोदनाला जेवणावळी बसतात त्याही तिथंच. आमच्याकडे एक रीत आहे. ज्या घरचं लग्न त्या आवारात झालं, त्या घरानं विहाराला एक मोठी सतरंजी द्यायची. पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद, कोपऱ्यावर रंगानं घराचं नाव. वर्षानुवर्षं अशा सतरंज्या जमल्या, फाटल्या, बदलल्या. त्यामुळे आमच्या वस्तीत कोणी आवाराचं माप फुटात सांगत नाही. आवार किती? पंचवीस सतरंज्यांचं. लांबीत पाच, रुंदीत पाच. नव्यानं नांदायला आलेल्या सुनेलाही ते पहिल्या जयंतीला कळतं, कारण झाडून अंथरायला तीच असते.

या पंचविसांतली एक सतरंजी वस्तीतल्या बायांनी सोडायची ठरवली होती. म्हणजे सतरंजी नव्हे, तिच्याएवढी जागा. कोपऱ्यात दहा बाय पंधराची एक खोली, पोरींना अभ्यासाला. कार्यक्रमाला चोवीस सतरंज्या पुरतात, असं बायांनीच सांगितलं, आणि त्यांच्याइतकं ते कोणाला माहीत असणार? खोली ग्रामपंचायत बांधून देणार होती. जागा विहार समितीनं द्यायची.

खोली कशाला हवी होती, हे ज्याला कळत नाही त्यानं एकदा आमच्या वस्तीत संध्याकाळी यावं. दोन खोल्यांचं घर, एकीत चूल आणि एकीत टीव्ही. पोरगी पुस्तक घेऊन बसली की कोणाला तरी पाणी हवं असतं. पोरं बरी, ती उठून शेलूबाजारच्या अभ्यासिकेत जातात आणि दिवे लागल्यावर परततात. पोरींना तसं कोण जाऊ देतं? दर रविवारी मी आवारात सात-आठ जणींना शिकवायची. त्यांतली एक बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करत होती. पळायला वाऱ्यासारखी, पण लेखी परीक्षेला दोनदा थोडक्यात मागे पडलेली. तिची आई सोयाबीन सोंगायला जायची, आणि घरी तीन लहान भावंडं हिच्या गळ्यात. ती खोलीचं नाव निघालं की हसायची. दार आतून लावता येईल, एवढंच तिला त्या खोलीत हवं होतं.

मग रस्ता आला.

आवारासमोरून जाणारा रस्ता रुंद करून सिमेंटचा करायचं ठरलं. रस्ता झालाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पावसाळ्यात त्या रस्त्यावर चप्पल हातात घेऊन मीही चाललेली आहे. पण रुंदी घ्यायची ती आमच्या बाजूनं. पलीकडच्या बाजूला दुकानांचे ओटे होते. त्यांच्याकडून किती फूट घ्यायचे हे कोणी तोंडातून काढलं नाही. ग्रामसभेत सरपंच उभे राहिले. गोड बोलणारा माणूस. सगळ्यांच्या लग्नाला येतो, सगळ्यांच्या मयतीला खांदा देतो.

"हे पहा," ते म्हणाले, "विहाराचं आवार पंच्याहत्तर बाय पन्नास हाय. रस्त्याले आमी रुंदीतून दहा फूट घेऊन राह्यलो. म्हणजे वीस टक्के. आन् पूर्वेच्या टोकाले पंचायतीची मोकळी जागा हाय, त्यातून लांबीले पंधरा फूट देऊन राह्यलो. तेबी वीस टक्केच. वीस घेतले, वीस देल्ले. बरोबरी! आन् फुटात पाह्यलं तं दहा घेतले, पंधरा देल्ले. पाच फूट तुमालेच जास्त. आता कोन म्हनते अन्याय झाला म्हनून?"

सभा हसली. आमच्या वस्तीतली माणसंही हसली. विहार समितीचे अध्यक्ष माझे मोठे बाबा, वडिलांचे थोरले भाऊ. एस.टी.त कंडक्टर म्हणून जन्म गेला, तोंडी हिशोबाला कोणाला हार जाणार नाहीत. ते उठले आणि म्हणाले, "समितीची हरकत नाही. सरपंचसाहेबानं न्यायाची गोष्ट केली."

माझ्या शेजारी ती भरतीवाली पोरगी बसली होती. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "आत्या, हे तं ऋण चार येते ना?"

वस्तीतली सगळी पोरं मला आत्याच म्हणतात. मी मान हलवली आणि उभी राहिले. या प्रकारचा प्रश्न भरतीच्या प्रत्येक सराव पुस्तकात असतो. लांबी वीस टक्क्यांनी वाढली, रुंदी वीस टक्क्यांनी घटली, क्षेत्रफळात काय फरक? माझ्या आठवीच्या वर्गात निम्मी पोरं फटकन शून्य लिहितात आणि मी त्यांच्या वह्यांवर लाल रेघ ओढते. आठवीच्या पोरांना ती रेघ मिळते. सरपंचाला टाळ्या मिळाल्या.

"बरोबरी नाही होत," मी म्हटलं. "पंच्याहत्तर गुणिले पन्नास, साडेसदतीसशे चौरस फूट. आता नव्वद गुणिले चाळीस करा. छत्तीसशे. दीडशे फूट कमी. शंभराला चार."

"मॅडम," सरपंच हसत म्हणाले, "वीसातून वीस गेले तं चार कुठून येते?"

पुन्हा हशा. मी सांगायला लागले की हे वीस आणि ते वीस एकाच गोष्टीचे नाहीत. रस्त्याला जाणारी पट्टी पंच्याहत्तर फूट लांब आहे, दहा रुंद, साडेसातशे फूट. मिळणारी पट्टी पंधरा फुटांची, पण ती आता चाळीसच फूट खोल, कारण दहा तुम्ही आधीच कापले. सहाशे. रुंदी दहाच टक्के कापली असती तर उलट आठ टक्के फायदा झाला असता, तेव्हा मी बसून राहिले असते. पण वाढ आणि घट सारखी असली की नुकसान ठरलेलंच. मी बोलत होते आणि माणसं चुळबुळ करत होती. कोणीतरी मागून म्हणालं, "शाळा सुटली का अजून?" मोठे बाबा माझ्याकडे बघतही नव्हते. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्या दिवशी समजलं. ज्यांना कळलं नाही त्यांचा मला राग नव्हता. शून्य माझ्या वर्गातही येतं. राग होता तो या गोष्टीचा, की आमच्या जागेचा सौदा आमच्या मापानं कोणी केलाच नाही. टक्के सांगितले, फूट सांगितले. सतरंज्यांत सांगितलं असतं तर आमची कोणतीही म्हातारी बाई जागच्या जागी उठली असती.

म्हणून पुढच्या रविवारी मी सतरंज्या काढायला लावल्या.

बाया आल्या, पोरी आल्या. पंचायतीच्या जागेतली बाभळीची झुडपं पंधरा फुटांपर्यंत आम्हीच तोडली. दोन पोरींनी टेप धरला आणि मी चुन्याच्या फक्कीनं नव्या रेषा मारल्या. आधी जुन्या आवारात सगळ्या सतरंज्या अंथरल्या, नेहमीसारख्या, पाचाच्या पाच रांगा. एव्हाना पुरुषमंडळीही कडेला येऊन उभी राहिली होती. मोठे बाबा आले, आणि कोणीतरी बोलावलं म्हणून सरपंचही आले, मोटरसायकलवर बसूनच राहिले.

"आता रस्त्याकडची रांग उचला," मी म्हटलं.

पोरींनी पाच सतरंज्या उचलल्या. त्या घेऊन पूर्वेच्या टोकाला गेल्या. एक अंथरली, दुसरी अंथरली, तिसरी, चौथी. पुढं रस्त्याची रेषा आली. पाचवी सतरंजी दोघींच्या हातात तशीच राहिली.

एक म्हातारी, जी ग्रामसभेत माझ्यावर हसली होती, ती पुढं झाली आणि बोटानं रांगा मोजायला लागली. सहा आडव्या, चार उभ्या. तिनं दोनदा मोजल्या. मग सरपंचांकडे वळून म्हणाली, "काहून रे बापा, आमची एक सतरंजी कुठी गेली?"

मला तेव्हा जे सुख झालं ते सांगते, लपवत नाही. पंचविसात एक म्हणजे शंभरात चार. गणित अंगणात पसरून पडलं होतं आणि आता ते कोणाला हसून उडवता येणार नव्हतं. मी म्हटलं, उपायही सोपा आहे. रुंदीतला पाचवा हिस्सा गेला तर लांबी पाचवा हिस्सा नाही, चौथा हिस्सा वाढवावी लागते. वीसला वीस नाही, वीसला पंचवीस टक्के. म्हणजे पंधराऐवजी पावणेएकोणीस फूट द्या. आणखी फक्त पावणेचार फूट. टोकाला बाभळीशिवाय काही नाही. पावणेचार गुणिले चाळीस, बरोबर दीडशे फूट. आमची सतरंजी आम्हाला मिळाली आणि तुमचा रस्ता तुम्हाला.

सरपंचांनी मोटरसायकलची किल्ली फिरवून बघितली. "मॅडम, ठराव झाला ना. आता चार फुटासाठी कागद पुन्हा कायले फिरवता? अध्यक्षच सांगन काय ते."

सगळे मोठ्या बाबांकडे बघायला लागले. मला खात्री होती. तो माणूस आयुष्यभर कोणाच्या हातात एक रुपया कमी ठेवून बसमधून उतरला नव्हता, आणि आता सगळ्यांसमोर एक सतरंजी कमी भरली होती. मोठ्या बाबांनी त्या दोन पोरींच्या हातातली सतरंजी पाहिली. मग आवारात पसरलेल्या चोवीस पाहिल्या.

"कार्यक्रमाले चोवीस लागते," ते म्हणाले. "चोवीस हायेत. पोरीच्या खोलीचं पुढं पाहू."

बस. एवढंच.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "मोठे बाबा, खोलीचीच जागा गेली ना ती! पावणेचार फूट मागायचे आहेत फक्त."

"मी सभेत हो म्हनलं, माय. गावासमोर देल्ला शब्द. आता चार टक्क्यासाठी फिरवू? लोक काय म्हनतीन? याहिले कितीबी द्या, पुरत नाही, असं म्हनतीन."

"म्हणू द्या ना!"

"तुले काय जाते म्हनाले. तू रविवारी येतं आन् जातं. आमाले अथीच राह्यचं हाय."

आणि माणसं पांगायला लागली. पुरुष तर पांगलेच, पण बायाही सतरंज्या गोळा करायला लागल्या. ज्या बायांनी स्वतःच्या तोंडानं ती एक सतरंजी पोरींना दिली होती, त्यांच्यातली एकही म्हणाली नाही की थांबा. मोजणाऱ्या म्हातारीला सतरंजी कुठे गेली ते कळलं होतं. ती कोणाच्या वाट्याची होती, ते विचारायचं तिला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि तिनं मूग गिळले. सरपंचांनी गाडीला किक मारली आणि जाताना मला हात केला, अगदी आपुलकीनं.

मी त्या दिवशी कोणाकडे जेवले नाही. भावजय दोनदा बोलवायला आली, तिच्यावरही खेकसले. सरपंचाचा राग मला समजत होता, तो परका होता. पण आपल्या माणसांचा राग कुठे ठेवायचा? एक चौकोन घ्या, तो लांबवा, चिमटा, काहीही करा, त्यातून जे कमी भरेल ते पोरींच्या नावावर. जेवणात पोळी कमी पडली तर पोरीची. शाळेच्या फीला पैसे कमी पडले तर पोरीची शाळा. आता जागा कमी पडली तर पोरींची खोली. त्यासाठी कोणाला टक्केवारी शिकावी लागत नाही, ते सगळ्यांना न शिकता येतं. आणि ती सगळी माणसं चांगली आहेत. हेच मला सहन होत नाही. वाईट असती तर एकदा शिव्या देऊन मोकळी झाले असते.

पोरी विहाराच्या पायरीवर बसून होत्या. भरतीवालीनं विचारलं, "आत्या, तुमी हिशोब सांगतलाच नसता तं? तं खोली झाली असती का?"

आरोप नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि तो प्रश्न मला सभेतल्या हशापेक्षा जास्त झोंबला, कारण तो माझ्याही मनात आला होता. मी नसते बोलले तर सगळे बरोबरीच्या भ्रमात राहिले असते, आणि त्या भ्रमात एखादवेळी खोलीचा पाया खणलाही गेला असता. माझ्या बरोबर उत्तरानं त्यांना काय कापायचं तेवढं दाखवून दिलं.

"नसती झाली," मी तिला रागानंच म्हटलं. "जयंतीला अंथरताना कळलंच असतं एक कमी पडते ते. तेव्हाही खोलीच गेली असती. भिंती उभ्या असत्या तरी गेली असती."

"मंग हा हिशोब कायले शिकाचा?"

मी उठले, तडक मोठ्या बाबांच्या घरी गेले आणि त्यांना म्हटलं, "चला. खोली होणार नाही हे मला सांगितलंत, आता पोरींना सांगा. त्यांच्या तोंडावर सांगा." ते नको म्हणत होते. मोठी आई आतून म्हणाली, "जा ना, कायले भेता पोरीले?" तेव्हा ते उठले.

पायरीसमोर ते उभे राहिले. धोतराचा सोगा हातात, मान खाली. पोरी उभ्या राहिल्या, कारण ते मोठे आहेत आणि आमच्या पोरींना रीत आहे.

"पोरीहो, हे पहा," ते म्हणाले, "सध्या खोलीचं जमून नाही राह्यलं. तुमी नाराज नका होऊ. फार काई गेलं नाही आपलं. चारच टक्के गेले."

भरतीवाली पुढं आली. आवाज चढवला नाही तिनं. परीक्षेत तोंडी विचारतात तसं तिनं विचारलं.

"आबा, आवारातले चार टक्के गेले. आमच्या खोलीतले किती टक्के गेले?"

मी मोठ्या बाबांकडे बघत होते. मला वाटलं ते चिडतील. लहान तोंडी मोठा घास म्हणून तिला गप्प करतील. पण ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांचे ओठ हलले, बसमध्ये सुटे पैसे देताना हलायचे तसे. हिशोब त्यांना येत होता. तो त्यांना सभेतही येत होता, हे मला तेव्हा कळलं, आणि माझा उरलासुरला आदर तिथं संपला.

"शंभर," ते म्हणाले.

पोरीनं मान हलवली. उत्तर बरोबर होतं. मोठ्या बाबांनी पायानं चपला चाचपल्या, घातल्या, आणि फाटकाबाहेर पडले. सरपंचांच्या घराकडे जायचं तर डावीकडे वळावं लागतं. आम्ही सगळ्या बघत होतो.

ते उजवीकडे वळले, आणि घरी गेले.